भरती पावणेचारची, रिमाइंडर चारचा

श्रावण वद्य पंचमीच्या पहाटे दादाची होडी खाडीच्या मुखाशी वाळूत टेकली. इंजिन चालू, पंखा गाळ उडवतोय आणि होडी जागची हलत नाही. दादा तांडेल, बरोबर तीन खलाशी, वर बर्फ भरलेला. पाणी ओहोटीला लागून दीड तासाहून जास्त वेळ झाला होता. आता सुटका दुपारच्या भरतीला, म्हणजे सव्वाचारच्या आसपास. तो दिवस गेला, बर्फ गेला आणि हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावाला दादाची टोपली नव्हती.

कारण विचारलं तर दादाचं उत्तर एवढंच, "फोन वाजलाच नाय."

गणपतीला मी गावी गेलो तेव्हा ही हकीकत तिसऱ्यांदा ऐकली. मी पुण्यात अँड्रॉइडची अ‍ॅप्स बनवण्याचं काम करतो, म्हणून घरात कोणाचाही फोन बिघडला की तो माझ्या हातात येतो. बहुतेक वेळा फोनमध्ये जागा भरलेली असते, त्यापलीकडे काही नसतं. या वेळी मात्र दोन दिवस गेले. फोनमध्ये एक नव्हे, दोन रोग निघाले आणि बाहेरून दोन्हींचं लक्षण एकच होतं, रिमाइंडर आला नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक प्रश्न, जो मीही दादाला विचारला होता. रोजचा अलार्म घड्याळात का लावत नाहीस? तर भरती रोज एका वेळेला येत नाही, ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडे जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. दादाला हे तोंडपाठ आहे. पण तोंडपाठ असलेल्या वेळेला झोपेतून उठणं ही वेगळी गोष्ट. घड्याळातला रोज वाजणारा अलार्म इथे कामाचा नाही, म्हणून त्याच्या मुलाने भरती-ओहोटीचं एक अ‍ॅप घालून दिलं होतं. ते रोजच्या भरतीच्या सव्वा तास आधी आठवण करतं. पंचमीला पावणेचारची भरती म्हणजे अडीचला वाजायला हवं होतं.

दादा पाच वाजून दहा मिनिटांनी आपसूक उठला. फोन उचलला तर पडद्यावर अ‍ॅपची सूचना होती आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात 1h, म्हणजे एक तासापूर्वी आलेली. दादाने ती वाचली, शिवी हासडली आणि धावत किनाऱ्यावर गेला. तो एक तास त्याने मला सहज बोलता बोलता सांगितला, पण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच होती. सूचना अडीचला येऊन दादाला ऐकू गेली नसती, तर तिथे 2h दिसलं असतं. म्हणजे सूचना तीन दहा ते चार दहाच्या मधे आली होती, पुढे हिशेबात निघालं ते चारच्या सुमारास. फोन वाजला होता, पण दीड तास उशिरा, आणि तोही एकदाच टिंग करून.

वहिनीने कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या, कारण होडी कधी गेली यावर डिझेलचा हिशेब असतो. त्या खुणांवरून पाच रात्री जुळवल्या. तृतीया आणि चतुर्थीला वेळेवर वाजलं. पंचमीला दीड तास उशीर. षष्ठीला पुन्हा वेळेवर. सप्तमीला अजिबात नाही. ना उशिरा, ना नंतर. त्या दिवशी कोंबड्याने उठवलं म्हणून भरती जेमतेम साधली.

मग मी वहिनीला विचारलं, पंचमीच्या रात्री काही वेगळं घडलं होतं का? ती लगेच म्हणाली, "त्या रात्री लाईट गेली होती की. बारा वाजायला दहा कमी असताना गेली ती सकाळी आली. पंखा नव्हता म्हणून माझी झोप उडाली होती, म्हणून आठवतं."

दादाचा फोन रात्री कपाटावर चार्जिंगला असतो. इथून गोष्ट उलगडायला लागली.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये डोझ नावाची व्यवस्था आहे. फोन चार्जिंगला नाही, पडदा बंद आहे आणि तो हलतही नाही, अशी स्थिती काही वेळ टिकली की फोन गाढ झोपेत जातो. त्या झोपेत अ‍ॅपांना नेट मिळत नाही, मागची कामं थांबतात आणि अ‍ॅपांनी लावून ठेवलेले साधे अलार्मही अडकून राहतात. ते रद्द होत नाहीत, रांगेत उभे राहतात. फोन मधूनमधून थोडा वेळ जागा होतो, तेव्हा रांगेतलं सगळं एकदम सोडतो आणि पुन्हा झोपतो. दाभोळ-धोपावेची फेरीबोट चुकली की पुढच्या फेरीपर्यंत जेट्टीवर उभं राहावं लागतं, तसंच हे. फरक एवढाच की रात्र चढत जाते तशा या फेऱ्या विरळ होत जातात.

चार्जिंगला लावलेला फोन डोझमध्ये जात नाही. म्हणून तृतीया, चतुर्थी आणि षष्ठीला सगळं सुरळीत होतं. पंचमीला लाईट गेली आणि चार्जर भिंतीत असूनही फोनच्या दृष्टीने तो सुटा झाला.

मूळ अँड्रॉइडचे आकडे घेऊन त्या रात्रीचा हिशेब मांडून बघितला. कंपन्या हे आकडे बदलतात, तरी अंदाज येतो. लाईट गेली ११:५० ला. पडदा बंद राहून अर्धा तास गेला की फोन शांत आहे असं ठरतं, त्यानंतर अजून अर्धा तास तो हलतोय का हे बघण्यात जातो. म्हणजे बारा पन्नासच्या पुढे गाढ झोप लागली. पहिली झोप एका तासाची, म्हणून दोनच्या थोडं आधी पाचेक मिनिटांची जाग. तेव्हा अडीचच्या अलार्मची वेळ झालेलीच नव्हती, त्यामुळे तो सुटला नाही. दुसरी झोप दुप्पट, दोन तासांची. अडीचचा अलार्म बरोबर तिच्या पोटात सापडला. पुढची जाग चारच्या सुमारास. चारला टिंग आणि पाच दहाला पडद्यावर 1h. हिशेब इतका जुळला की मलाच शंका आली, म्हणून हे हाताने घडवून बघायचं ठरवलं.

इथे माझी एक फजिती सांगायला हवी, कारण घरी प्रयोग करणारा कोणीही तीच करेल. पहिल्या रात्री मी चार्जर काढून फोन कपाटावर ठेवला. पण सकाळी दादाला खरंच निघायचं होतं, म्हणून खबरदारी म्हणून फोनच्या घड्याळात अ‍ॅपच्या वेळेनंतर दोन मिनिटांचा अलार्म लावला. झालं, अ‍ॅप वेळेवर वाजलं! दादा म्हणाला, "बघ, तू आलास आणि बरा झाला." खरं कारण वेगळं होतं. घड्याळाच्या अलार्मला डोझमध्ये खास मान आहे. तो वाजायच्या थोडं आधी फोन स्वतःच झोपेतून बाहेर येतो आणि बाहेर आला की रांगेतले बाकीचेही सुटतात. म्हणजे मी औषध देऊन रोग्याची तपासणी करत होतो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप जोडून सरळ फोनला झोपवलं. फोनमध्ये USB debugging चालू करावं लागतं आणि लॅपटॉपवर adb हे फोनला हुकूम देण्याचं साधन लागतं. अ‍ॅपमध्ये भरतीच्या किती मिनिटं आधी वाजवायचं ते बदलता येतं, तो आकडा असा ठेवला की पुढच्या दहा मिनिटांत अलार्म यावा. मग पडदा बंद करून हे दिलं:

```
adb shell dumpsys battery unplug
adb shell dumpsys deviceidle force-idle
```

पहिली ओळ गरजेची आहे, कारण लॅपटॉपची केबल फोनला चार्ज करत असते आणि त्यामुळे तो झोपायला तयारच होत नाही. दहा मिनिटं झाली, काही नाही. वीस झाली, काही नाही. पंचविसाव्या मिनिटाला झोपेतून उठवलं:

```
adb shell dumpsys deviceidle unforce
adb shell dumpsys battery reset
```

आणि त्याच क्षणी टिंग! दादा समोर बसला होता. तो काही बोलला नाही, पण पंचमीच्या पहाटेपासून फोनवर असलेला त्याचा राग थोडा उतरला असावा. शेवटची reset ची ओळ विसरू नका. ती दिली नाही तर फोन बॅटरीचा आकडा तिथेच धरून बसतो आणि नवाच बिघाड झाला असं वाटतं.

अ‍ॅपचा दोष इथे काय? अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला वेळ राखून ठेवायचे चार-पाच प्रकार आहेत आणि सगळ्यांची पत सारखी नाही. सर्वांत खालचा प्रकार अदमासाचा. 'अडीचच्या आसपास कधीतरी' असं सांगितल्यासारखा, जागा असलेला फोनसुद्धा त्याला थोडा पुढे ढकलतो. त्यावरचा प्रकार नेमक्या वेळेचा, पण तो डोझमध्ये अडकतो. बहुधा या अ‍ॅपने तोच वापरला होता. त्याच्यावरचा डोझमध्येही चालतो, पण सलग वापरता येत नाही, एका अ‍ॅपला साधारण नऊ मिनिटांतून एकदा. आणि सर्वांत वरचा setAlarmClock, जो फोनचं घड्याळ वापरतं. अ‍ॅप लिहिणाऱ्यासाठी फरक फक्त दोन ओळींचा आहे:

```kotlin
val info = AlarmManager.AlarmClockInfo(vel, ughadaIntent)
alarmManager.setAlarmClock(info, vajavaIntent)
```

तुमचं अ‍ॅप कोणता प्रकार वापरतं हे कळायला लॅपटॉप लागत नाही. अ‍ॅपमध्ये रिमाइंडर लावा आणि पडद्याच्या वरच्या पट्टीत गजराच्या घड्याळाचं बारीक चित्र येतंय का बघा. काही फोनांत लॉक स्क्रीनवर किंवा वरून ओढल्यावर पुढच्या अलार्मची वेळही दिसते. फोनच्या घड्याळातले बाकीचे अलार्म आधी बंद करून बघा, म्हणजे गोंधळ होणार नाही. चित्र आलं तर त्या अ‍ॅपने सर्वांत वरचा प्रकार वापरलाय. नाही आलं तर ते अ‍ॅप सुचवण्यापुरतं ठीक, पहाटे उठवण्यासाठी नाही. दादाच्या अ‍ॅपचं चित्र आलं नाही.

यावर उपाय म्हणून फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या माहितीत जाऊन Battery मध्ये Optimized होतं ते Unrestricted केलं. नव्या अँड्रॉइडमध्ये तिथे Allow background usage असं दिसतं. त्या अक्षरांवर बोट ठेवलं की आत हाच पर्याय निघतो. पुन्हा झोपवण्याचा प्रयोग केला. या वेळी अ‍ॅप झोपेतही वेळेवर वाजलं. पहिला रोग पकडला होता.

पण सप्तमी? सप्तमीला लाईट गेली नव्हती. फोन रात्रभर चार्जिंगला होता, डोझचा प्रश्नच नाही. तरी चारचा रिमाइंडर आला नाही, सकाळी फोन उचलल्यावरही आला नाही. माझा लाईटचा सिद्धांत इथे आपटला.

उशिरा येणं आणि गायब होणं हे दोन वेगळे रोग आहेत, हे मला इथे नीट कळलं. रांगेत अडकलेला अलार्म फोन उचलताच येतो, त्यासाठी अ‍ॅप उघडावंही लागत नाही. फोन उचलूनही जो येत नाही, तो रांगेत नसतोच. तो कोणीतरी पुसलेला असतो.

कोणी पुसला, ते दादाच्या झोपण्याच्या सवयीत सापडलं. या फोनमध्ये कंपनीने दिलेलं एक साफसफाईचं बटण आहे. दाबलं की गोल फिरतं आणि इतकी जागा मोकळी झाली म्हणून सांगतं. पुतण्याने कधीतरी दाखवलं होतं की याने फोन हलका होतो. दादा रोज नाही, पण फोन अडकायला लागला की झोपताना दाबतो. सप्तमीच्या रात्री दाबलं होतं का, हे त्याला आठवत नव्हतं. वहिनीला आठवत होतं.

आता लॅपटॉप जोडून बघणं सोपं होतं. फोन रांगेतले अलार्म दाखवतो:

```
adb shell dumpsys alarm | grep com.example.bharti
```

इथे मी खोटं नाव लिहिलंय, तुमच्या अ‍ॅपचं पॅकेज नाव घाला. पहिल्यांदा दिलं तेव्हा दुसऱ्या दिवसाचा अलार्म यादीत होता. दादाच्या हाताने ते बटण दाबून घेतलं आणि पुन्हा दिलं. अलार्म नव्हता. एक सावधगिरी सांगतो, खाली जुन्या आकडेवारीतही अ‍ॅपचं नाव येत राहतं, त्याने फसू नका. grep न लावता, म्हणजे नावाने न गाळता, एकदा पूर्ण यादी काढा आणि pending लिहिलेल्या भागातच नोंद आहे का ते बघा.

घडतं असं. अँड्रॉइडमध्ये एखादं अ‍ॅप सक्तीने थांबवलं, म्हणजे सेटिंग्जमधलं Force stop, तर त्याने लावलेले सगळे अलार्म रद्द होतात. एवढंच नाही, तुम्ही ते अ‍ॅप स्वतः उघडेपर्यंत त्याला कुठलाही निरोप पोचत नाही. ते मेल्यासारखं पडून राहतं. अ‍ॅप हट्टी झालं की माणसाने मुद्दाम वापरायचं हे बटण आहे. काही कंपन्यांच्या फोनांत साफसफाईचं बटण, रात्री आपोआप होणारी सफाई, किंवा मागची अ‍ॅप्स वर सरकवून बंद करणं हेच काम गुपचूप करतं. मूळ अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप वर सरकवलं तर त्याचे अलार्म जात नाहीत, म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्याच्या टेबलावर सगळं ठीक चालतं आणि दादाच्या कपाटावर चालत नाही. आम्ही 'आमच्याकडे तर वाजतं' म्हणतो ते याच कारणाने. मीही अनेकदा म्हटलंय.

दादाच्या अ‍ॅपचं अजून एक वाईट होतं. ते एकदा वाजलं की मगच पुढच्या दिवसाचा अलार्म लावायचं. साखळी एकदा तुटली की तुटलीच. सप्तमीचा पुसला गेला, गोकुळाष्टमीला दादा गेलाच नाही. नवमीला वेळ बघायला अ‍ॅप उघडलं तेव्हा साखळी पुन्हा जुळली. मधल्या दिवशी तो गेला असता तर त्याही दिवशी फोन गप्प राहिला असता.

फोन बंद करून चालू केला तरी असंच होऊ शकतं. रीस्टार्टमध्ये सगळ्यांचे अलार्म जातात आणि फोन चालू झाल्याचा निरोप मिळाला की प्रत्येक अ‍ॅपने आपले अलार्म पुन्हा लावायचे असतात. बऱ्याच फोनांत Autostart नावाची परवानगी असते, ती बंद असेल तर अ‍ॅपला तो निरोपच मिळत नाही. दादाची होती बंद. ती चालू केली आणि फोन रीस्टार्ट करून यादीत अलार्म परत आला हे बघून घेतलं. साफसफाईच्या बटणातून अ‍ॅप वगळण्यासाठी मागच्या अ‍ॅपांच्या यादीत त्यावर कुलूप लावता येतं. ते लावून बटण दाबलं तर अलार्म टिकला. प्रत्येक कंपनीत हे असंच चालेल असं नाही, म्हणून यादी तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

आणखी एक गोष्ट दादाकडे अजून घडलेली नाही, पण घडेल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, एकसष्ट दिवस. त्या काळात भरतीचं अ‍ॅप कोण उघडणार? अँड्रॉइड १२ मध्ये अ‍ॅपला पंचेचाळीस दिवस हात लावला नाही की ते बंधनांच्या सर्वांत कडक कप्प्यात जातं, आणि १३ मध्ये ही मुदत आठ दिवसांवर आली. त्या कप्प्यातल्या अ‍ॅपला दिवसाला एकच अलार्म मिळतो. काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्याही काढून घेतल्या जातात. ते टाळायला अ‍ॅपच्या माहितीत Pause app activity if unused असं बटण आहे, दादाचं ते बंद केलं. आणि ऑगस्ट उजाडायच्या आधी अ‍ॅप एकदा उघडायचं, हे वहिनीला सांगून ठेवलं. दादाला सांगून उपयोग नाही.

बाकी दोन सेटिंग्ज आम्ही पाहिली, ती बरोबर निघाली, पण तुमच्याकडे नसतील. अँड्रॉइड १२ पासून नेमक्या वेळेच्या अलार्मसाठी Alarms & reminders ही वेगळी परवानगी आहे. १४ मध्ये नव्याने घातलेल्या बऱ्याच अ‍ॅपांना ती आपोआप मिळत नाही, आपण द्यावी लागते. आणि १३ पासून सूचना दाखवायलाही परवानगी लागते. ती नाकारली असेल तर अलार्म वेळेवर होतो, पण कोणाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

राहता राहिली ती टिंग. समजा चारऐवजी अडीचला वेळेवर आली असती, तरी दादा उठला असता का? वहिनी म्हणाली, ढोल वाजवला तरी उठत नाही. अ‍ॅपची सूचना एकदा वाजून गप्प होते, तिचा आवाज सूचनांच्या आवाजावर चालतो आणि Do Not Disturb लागलं असेल तर तेवढाही येत नाही. घड्याळाचा अलार्म अलार्मच्या आवाजावर चालतो, बंद करेपर्यंत वाजतो आणि Do Not Disturb मध्येही सहसा त्याला मुभा असते. सेटिंग्ज सगळी दुरुस्त करूनही त्या अ‍ॅपच्या जिवावर पहाटे उठायचं नाही, असं मी दादाला स्पष्ट सांगितलं ते यासाठी. अ‍ॅप बनवणाऱ्याला setAlarmClock बद्दल लिहिलंय. अजून उत्तर नाही.

मग ठरलं ते असं. वेळ अ‍ॅपने सांगायची, उठवायचं काम घड्याळाचं. रविवारी रात्री जेवणं झाली की वहिनी अ‍ॅप उघडते, पुढच्या आठवड्याच्या भरत्या बघते आणि फोनबरोबर आलेल्या घड्याळात त्या त्या वाराचा एकेक अलार्म लावते. नवे सात करत बसायचं नाही. सोमवार ते रविवार असे सात अलार्म नावासकट कायमचे आहेत, दर आठवड्याला फक्त वेळ बदलायची. पाच मिनिटांचं काम. अ‍ॅप दर आठवड्याला उघडलं जातं, त्यामुळे ते कडक कप्प्यात जाण्याचाही प्रश्न उरत नाही. हा फायदा मला नंतर सुचला, वहिनीला मी आधीच ठरवल्यासारखा सांगितला.

यालाही मर्यादा आहे. बॅटरी पूर्ण संपली तर घड्याळही वाजत नाही, आणि बहुतेक अँड्रॉइड फोन बंद असताना अलार्मसाठी स्वतः चालू होत नाहीत. आमच्या वाडीत रेंज एक काडी असते. टॉवर शोधण्यात फोन रात्रीत बरीच बॅटरी खातो, आणि लाईट गेलेली असली तर सकाळपर्यंत टिकेलच असं नाही. म्हणून संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि लाईट जाईल असं वाटलं की झोपताना फोन विमान मोडवर टाकायचा. घड्याळाला नेट लागत नाही, अलार्म तसाच वाजतो. दादाला हे पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, रात्री कोणाचा फोन आला तर? मी विचारलं, रात्री दोनला तुला कोण फोन करतं? तो हसला, पण उधाणाच्या दिवसांत अजूनही विमान मोड लावत नाही.

मी परत निघालो त्या आदल्या रात्री नवाच्या सुमाराला वहिनी ओटीवर बसून दादाच्या फोनच्या वरच्या पट्टीकडे बघत होती. घड्याळाचं बारीक चित्र होतं. तिने वरून बोट ओढून वेळ वाचली, कॅलेंडरवरच्या तिथीला मनातल्या मनात पाऊणने गुणलं, त्यातून सव्वा तास वजा केला आणि फोन कपाटावर ठेवला. साफसफाईचं बटण पहिल्या पडद्यावरून आत एका फोल्डरमध्ये गेलं होतं. मी नाही हलवलं.